खातं डिलीट झालं, फायलींचं काय?

मुलींचं वसतिगृह चालवणारी एखादी छोटी संस्था डोळ्यांसमोर आणा. पंधरा-वीस माणसं, आणि सगळ्यांचं काम गूगलच्या संस्थात्मक सेवेवर, म्हणजे गूगल वर्कस्पेसवर चालतं. हिशेब सांभाळणाऱ्या ताई 31 मे रोजी नोकरी सोडून गेल्या. 5 जूनला कार्यालयातल्या कुणीतरी त्यांचं खातं डिलीट केलं. माणूस गेलं की खातं बंद करायचं, नाहीतर दर महिन्याला त्याचे पैसे भरत राहावे लागतात, एवढा साधा विचार त्यामागे होता. 22 जूनला देणगीदारांना पावत्या पाठवायची वेळ आली. व्यवस्थापक दादांनी नेहमीची लिंक उघडली, तर पडद्यावर देणगीदारांची यादी दिसेना. फाइलच अस्तित्वात नसल्याचा इंग्रजी संदेश तेवढा दिसला. प्रवेशअर्जाचा ऑनलाइन फॉर्म उघडत नव्हता. तीन वर्षांचे अहवाल ज्या फोल्डरमध्ये होते, तो फोल्डरही जागेवर नव्हता.

उदाहरण कल्पित आहे, पण असं घडतं ते अगदी याच क्रमानं. अशा वेळी फायली परत मिळतात का, हे जवळपास सगळं एकाच गोष्टीवर ठरतं: खातं डिलीट होऊन किती दिवस झाले.

‘शेअर केलेली’ म्हणजे ‘सगळ्यांची’ नव्हे

आधी मुळात काय होतं ते पाहू. गूगल ड्राइव्हवर प्रत्येक फाइलला एक मालक असतो. ज्यानं ती फाइल तयार केली, तोच मालक. त्यानं ती दहा जणांना शेअर केली, दहाही जण तिच्यात रोज भर घालत राहिले, तरी मालकी त्या एकाचीच राहते. शेत दहा जणांनी कसलं तरी सातबाऱ्यावर नाव ज्याचं त्याचंच असतं, तसं हे आहे. रोजच्या कामात हा फरक जाणवत नाही, कारण फाइल सगळ्यांना सारखीच दिसते आणि सगळ्यांना सारखीच बदलता येते. मालकाचं खातं डिलीट झालं की मात्र त्याच्या मालकीच्या फायलीही त्या खात्याबरोबर जातात. त्या कुणाकुणाला शेअर केल्या होत्या, याचा काही उपयोग होत नाही.

फोल्डरच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो. फोल्डर एकाचा आणि त्यातली फाइल दुसऱ्याची, असं सहज असू शकतं. आपल्या उदाहरणात ‘अहवाल’ नावाचा फोल्डर ताईंनी केला होता, पण त्यातले काही अहवाल व्यवस्थापक दादांनी स्वतः तयार केले होते. फोल्डर गेला म्हणून दादांचे अहवाल जात नाहीत. त्यांच्या मालकीच्या फायली त्यांच्याच ड्राइव्हमध्ये असतात, मात्र कुठल्याच फोल्डरखाली नसतात, म्हणून दिसत नाहीत. ड्राइव्हच्या शोधपट्टीत पुढची ओळ टाकली की त्या एकत्र समोर येतात:

```
is:unorganized owner:me
```

तेव्हा फोल्डर दिसेनासा झाला की सगळं गेलं असं धरून बसू नये. प्रत्येकानं आपापल्या खात्यातून हा शोध एकदा घ्यावा. जे मुळात हरवलेलंच नाही, ते आधी बाजूला निघतं आणि खरं नुकसान किती आहे ते कळतं.

याउलटही घडतं. फोल्डर दादांचा आणि जागच्या जागी, पण त्यात ताईंनी तयार केलेली यादी होती. फोल्डर शाबूत राहतो आणि आतली यादी तेवढी नाहीशी होते. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण फोल्डर तर रोज दिसत असतो.

पडद्यावरचा संदेश नीट वाचा

फाइल उघडत नाही म्हटल्यावर घाबरून जाण्याआधी पडद्यावर नेमकं काय लिहिलंय ते वाचावं. `You need access` असं आलं, तर फाइल जिवंत आहे, फक्त तुम्हाला परवानगी नाही. बरेचदा आपण वैयक्तिक जीमेलमधून लिंक उघडलेली असते आणि संस्थेच्या खात्यातून उघडली की काम होतं. फाइल मालकाच्या कचऱ्यात, म्हणजे `Trash` मध्ये असल्याचा संदेश आला, तर मालकाचं खातं अजून शाबूत आहे आणि फाइल तिथून परत काढता येते. फाइल अस्तित्वातच नाही असा संदेश आला आणि त्याच वेळी मालक नोकरी सोडून गेलेला आहे हेही माहीत असलं, तर संशय खात्यावर घ्यावा.

मग पहिलं काम ॲडमिनचं. डिलीट नेमकं कोणत्या तारखेला झालं, हे आठवणीवर विसंबून ठरवू नये. ॲडमिन कन्सोलमध्ये `Reporting` खाली ॲडमिननं केलेल्या कृतींची नोंद असते. कोणतं खातं, कुणी, कोणत्या दिवशी आणि किती वाजता हटवलं, ते तिथं सापडतं.

ही तारीख महत्त्वाची, कारण गूगल वर्कस्पेसमध्ये डिलीट केलेलं खातं 20 दिवसांपर्यंत परत आणता येतं. त्यानंतर ते कायमचं जातं. गूगलच्या ग्राहकसेवेला फोन केला, विनंती केली, पैसे देऊ केले, तरी विसाव्या दिवसानंतर ते परत येत नाही. आपल्या उदाहरणात डिलीट 5 जूनला झालं. म्हणजे मुदत 25 जूनची, आणि गडबड लक्षात आली 22 तारखेला. हातात तीन दिवस आहेत. ते पुरेसे आहेत, पण ‘सोमवारी बघू’ म्हणण्याइतके नाहीत.

खातं परत आणताना

हे काम सुपर ॲडमिननंच करायचं. संस्थेत ॲडमिनचे वेगवेगळे अधिकार असलेली माणसं असू शकतात, पण डिलीट झालेलं खातं परत आणायला सर्वोच्च अधिकार लागतात. `admin.google.com` वर जाऊन `Directory` आणि त्यात `Users` उघडायचं. यादीला `Recently deleted` हा फिल्टर लावला की गेल्या 20 दिवसांत हटवलेली खाती दिसतात. ताईंच्या नावासमोर `Recover` हा पर्याय येतो. तो दाबून पुढच्या एक-दोन प्रश्नांची उत्तरं दिली की खातं परत येतं. फायली आणि मेल पूर्ववत दिसायला काही वेळ लागतो, कधी कधी 24 तासांपर्यंत. तासाभरात फाइल दिसली नाही म्हणून पुन्हा काही डिलीट किंवा नव्यानं तयार करत बसू नये.

या वाटेवर दोन अडथळे नेहमी आडवे येतात, आणि दोन्ही आपणच घातलेले असतात. पहिला ईमेलच्या पत्त्याचा. ताई गेल्यावर देणगीदारांचे मेल परत जाऊ नयेत म्हणून कुणीतरी त्यांचा पत्ता नव्या हिशेबनीसाच्या खात्याला उपनाम म्हणून, म्हणजे एलियस म्हणून, जोडलेला असतो. कधी त्याच पत्त्यानं नवीन खातं किंवा गटही केलेला असतो. एक पत्ता एका वेळी दोन ठिकाणी राहू शकत नाही, म्हणून जुनं खातं परत येत नाही. आधी तो पत्ता तिथून मोकळा करावा लागतो, मगच ताईंचं खातं परत आणता येतं.

दुसरा अडथळा परवान्याचा. वर्कस्पेसच्या सशुल्क योजनेत जितकी माणसं तितके परवाने असतात. ताईंचा मोकळा झालेला परवाना नव्या माणसाला दिला असेल, तर परत आणलेल्या खात्यासाठी एक परवाना जास्तीचा घ्यावा लागतो. एका महिन्याचा तो खर्च तीन वर्षांच्या हिशेबापुढे काहीच नाही. तरी नेमक्या इथे मंजुरीसाठी कागद फिरत राहतात आणि मुदत निघून जाते. खजिनदारांना त्याच दिवशी फोन करून हे सांगून टाकणं बरं.

खातं परत आलं की ते पुन्हा चालू स्थितीत असतं. जुना पासवर्ड ताईंना माहीत आहे, त्यांच्या मोबाईलमध्ये तो साठवलेलाही असेल. म्हणून सगळ्यात आधी पासवर्ड बदलावा आणि जुन्या उपकरणांवरचं लॉगिन काढून टाकावं. यात ताईंवर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. संस्थेत नसलेल्या माणसाच्या हाती संस्थेच्या हिशेबाची जबाबदारी ठेवणं त्यांच्यावरच अन्यायाचं आहे.

मालकी दुसऱ्याच्या नावावर

खातं परत आणणं हे अर्धंच काम. पुन्हा कधीतरी ते बंद करायचंच आहे, म्हणून फायलींची मालकी दुसऱ्याकडे द्यायला हवी. ॲडमिन कन्सोलमध्ये `Apps`, `Google Workspace`, `Drive and Docs` असं जात गेलं की `Transfer ownership` मिळतं. कुणाकडून आणि कुणाकडे, हे दोन पत्ते भरायचे. आपल्या उदाहरणात ताईंकडून व्यवस्थापक दादांकडे.

हस्तांतर झालं की दादांच्या ड्राइव्हमध्ये ताईंच्या ईमेल पत्त्याच्या नावाचा एक फोल्डर तयार होतो. आलेल्या फायली त्यात असतात. यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट अशी की फायलींचे जुने पत्ते बदलत नाहीत. प्रत्येक डॉक्युमेंटच्या लिंकमध्ये `/d/` नंतर अक्षरांची एक लांबलचक साखळी असते. ती त्या फाइलची ओळख असते आणि मालक बदलला तरी तीच राहते. त्यामुळे वर्षभरात मेलमधून, व्हॉट्सॲपवरून, संस्थेच्या पत्रकांतून गेलेल्या सगळ्या लिंक पुन्हा चालू होतात. फाइलमधल्या जुन्या बदलांचा इतिहासही शाबूत राहतो.

हस्तांतर पूर्ण झाल्याचा मेल ॲडमिनला येतो. तो येण्याआधी ताईंचं खातं पुन्हा डिलीट करू नये. फायली हजारोंनी असतील तर हस्तांतराला वेळ लागतो. ते अर्ध्यावर असताना खातं हटवलं तर पुन्हा तोच घोळ सुरू होतो. मेल आल्यावरही आधी तपासून बघावं. देणगीदारांची यादी, प्रवेशाचा फॉर्म, एखादा पीडीएफ अहवाल, अशी प्रत्येक प्रकारची एक-एक फाइल उघडावी आणि मालक म्हणून कुणाचं नाव दिसतंय ते पाहावं. फॉर्मच्या बाबतीत आलेली उत्तरं दिसतात का, तेही पाहावं.

एक गोष्ट हस्तांतरानं येत नाही, आणि ती महिनाभरानं कळते. ताईंनी यादीला एक छोटी स्क्रिप्ट जोडली होती. नवी देणगी नोंदली की देणगीदाराला आभाराचा मेल आपोआप जायचा. असा आपोआप चालणारा ट्रिगर ज्यानं लावला त्याच्या खात्याच्या नावावर चालतो. फाइल दादांकडे आली तरी ट्रिगर ताईंच्याच नावावर राहतो आणि त्यांचं खातं बंद झालं की थांबतो. चुकीचा कुठलाही संदेश न येता आभाराचे मेल जायचे बंद होतात. म्हणून आपोआप चालणारी जी जी कामं होती, ती नव्या मालकानं आपल्या खात्यातून पुन्हा सुरू करायची.

ताईंच्या खात्यात त्यांचं वैयक्तिक काहीतरी असण्याचीही शक्यता धरावी. मुलीच्या परीक्षेचं वेळापत्रक, दवाखान्याचे रिपोर्ट, असं काही कामाच्या खात्यात राहून जातं. हस्तांतर झालं की तेही दादांकडे येतं. असं काही सापडलं तर ते न चाळता ताईंना पाठवावं आणि आपल्याकडून काढून टाकावं. परत आलेल्या खात्यातले मेल तर कामाच्या ठोस कारणाशिवाय उघडूच नयेत. सहकाऱ्याचं निधन झालेलं असेल, तर ही काळजी दुपटीनं घ्यावी. त्याच्या घरच्यांसाठी त्या खात्यातला एखादा फोटो किंवा टिपण आपल्या सगळ्या हिशेबांहून मोलाचं असू शकतं.

मुदत उलटून गेली असेल तर

समजा गडबड 22 जूनऐवजी 10 जुलैला लक्षात आली. मग खातं परत येणार नाही, आणि मूळ फायलीही येणार नाहीत. आता शोध घ्यायचा तो प्रतींचा.

पहिली जागा म्हणजे सहकाऱ्यांची खाती. एखाद्यानं त्या यादीची स्वतःसाठी प्रत काढलेली असते. अशी प्रत काढणाऱ्याच्या मालकीची असते, म्हणून ती वाचते. तिच्यात मूळचा बदलांचा इतिहास नसतो, पण मजकूर असतो. दुसरी जागा मेलची. लेखापरीक्षकांना मार्चअखेर पाठवलेली एक्सेलची फाइल, देणगीदार कंपनीला दिलेला पीडीएफ अहवाल, हे जीमेलमध्ये सापडतं. शोधपट्टीत असं लिहावं:

```
has:attachment filename:xlsx
from:comments-noreply@docs.google.com
```

दुसऱ्या ओळीनं फाइलवर कुणी टिप्पणी केली तेव्हा आलेले मेल दिसतात. त्यांत फाइलचं नाव आणि टिप्पणीचा मजकूर असतो. त्यातून निदान काय काय होतं याची यादी तरी उभी राहते.

तिसरी जागा फार थोड्यांना माहीत असते. वर्कस्पेसच्या काही योजनांमध्ये ॲडमिनला ड्राइव्हवरच्या हालचालींची नोंद पाहता येते आणि ती साधारण सहा महिने टिकते. कोणती फाइल कुणी उघडली, कुणी डाउनलोड केली, हे तिथं दिसतं. फाइल गेली तरी ही नोंद राहते. ताईंची यादी मे महिन्यात ग्रंथपाल काकांनी डाउनलोड केल्याचं त्यात दिसलं, तर काकांच्या संगणकावरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये ती आजही असू शकते. ‘कुणाकडे काही आहे का’ असा गटावर निरोप टाकून वाट पाहण्यापेक्षा नेमक्या माणसाला नेमकी फाइल विचारता येते.

संगणकावरच्या एका गोष्टीवर मात्र भिस्त ठेवू नये. ड्राइव्ह संगणकाशी जोडलेला असेल तर फोल्डरमध्ये `.gdoc` किंवा `.gsheet` अशा नावांच्या फायली दिसतात आणि आशा वाटते. त्यांच्या आत मजकूर नसतो. ती फक्त गूगलवरच्या मूळ डॉक्युमेंटकडे नेणारी खूण असते आणि मूळ गेलं की ती निरुपयोगी होते. वर्ड, एक्सेल, पीडीएफ अशा फायली पूर्ण स्वरूपात संगणकावर साठवल्या असतील, तर मात्र त्या खऱ्या असतात.

इतर ठिकाणी नियम वेगळे

मायक्रोसॉफ्ट 365 वापरणाऱ्यांसाठी मुदत थोडी मोठी आहे. हटवलेलं खातं 30 दिवसांत परत आणता येतं. त्या माणसाच्या वनड्राइव्हमधल्या फायलीही मूळ सेटिंगनुसार 30 दिवस ठेवल्या जातात, आणि ही मुदत ॲडमिनला वाढवून ठेवता येते.

सगळ्यात अवघड परिस्थिती आपल्याकडच्या असंख्य छोट्या संस्थांची, मंडळांची आणि गृहनिर्माण सोसायट्यांची असते. तिथं संस्थेचं खातंच नसतं. सचिवांच्या वैयक्तिक जीमेलवर सगळ्या फायली असतात. अशा फायलींवर कुठल्याही ॲडमिनचा अधिकार चालत नाही. त्या फक्त त्या माणसाकडून किंवा, त्याचं निधन झालं असेल तर, गूगलकडे रीतसर अर्ज करू शकणाऱ्या त्याच्या कुटुंबीयांकडूनच मिळू शकतात. त्यामुळे सचिव बदलताना दप्तराबरोबर फायलींच्या प्रतीही रीतसर ताब्यात घ्यायला हव्यात, तेही सचिव हयात आणि संपर्कात असताना.

माणूस जाताना काय करायचं

गूगल वर्कस्पेसमध्ये यावरचा कायमचा उपाय आधीच आहे. शेअर्ड ड्राइव्ह नावाची एक वेगळी जागा असते. तिच्यातल्या फायलींची मालकी कुठल्याच व्यक्तीची नसते, ती संस्थेची असते. तिथं फाइल तयार करणारा माणूस गेला आणि त्याचं खातं डिलीट झालं, तरी फाइल जागेवर राहते. सगळ्याच योजनांत ही सोय नसते, पण ज्या संस्थेकडे ती आहे, तिनं हिशेब, अहवाल, फॉर्म आणि करारपत्रं तिथंच ठेवावीत. वैयक्तिक ‘माय ड्राइव्ह’ कच्च्या कामापुरता राहू द्यावा.

ही सोय नसेल, तर क्रम पाळावा. शेवटच्या दिवशी खातं डिलीट न करता निलंबित करायचं, म्हणजे `Suspend`. निलंबित खात्यात कुणाला शिरता येत नाही, पण त्याच्या शेअर केलेल्या फायली इतरांना उघडत राहतात. परवान्याचे पैसे तेवढे चालू राहतात. एक महिना तसंच जाऊ द्यावं. या महिन्यात पगारपत्रकं, देणगीच्या पावत्या, सरकारी अहवाल असं सगळं एकदा फिरून येतं आणि कोणती फाइल कुणाच्या नावावर आहे ते कामातच कळतं. मग मालकी हस्तांतरित करायची, पूर्ण झाल्याचा मेल पाहायचा, तपासायचं आणि त्यानंतरच खातं डिलीट करायचं. डिलीट करतानाही गूगल फायली कुणाकडे द्यायच्या ते विचारतं. त्या खिडकीत घाईनं पुढे जाऊ नये, कारण हस्तांतर नको असा पर्याय निवडला की पुन्हा त्याच 20 दिवसांची मोजणी सुरू होते.

ड्राइव्हमध्ये यादीच्या स्वरूपात फोल्डर उघडला की फायलींच्या नावांशेजारी `Owner` असा एक रकाना दिसतो. संस्थेच्या मुख्य फोल्डरमध्ये तो रकाना वरपासून खालपर्यंत एकदा वाचून काढावा. त्यात पुढच्या काही महिन्यांत निवृत्त होणाऱ्या, बदली होणाऱ्या किंवा दुसरीकडे जाणाऱ्या माणसाचं नाव दिसलं, तर मालकी बदलायचं काम त्याच आठवड्यात त्याच्याच हातून करून घ्यावं. तो समोर बसलेला असताना हे पाच मिनिटांत होतं, आणि कोणती फाइल कशासाठी आहे, हेही तो सांगू शकतो.